प्रतिसाद : लघवीची गोळी आणि डँडेलियनचा चहा

«आईला पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू आहे. डँडेलियनच्या चहाने कमी झालेले पोटॅशियम भरून निघेल ना?»

आधी गोळीचे नाव पाहावे, कारण फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम घालवते, तर स्पायरोनोलॅक्टोन ते शरीरात धरून ठेवते. लघवी वाढवण्याचा गुण मुख्यतः डँडेलियनच्या पानांचा मानला जातो आणि पोटॅशियमही पानांतच भरपूर असते. मात्र कपात ते किती उतरते हे पानांवर व उकळण्यावर अवलंबून असल्याने त्यावर भरवसा ठेवता येत नाही. फ्युरोसेमाइडसोबत हा चहा घेतल्यास पाणी जास्त जाऊन उठताना चक्कर येऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोनसोबत रक्तदाबाची टेल्मिसार्टनही चालू असेल आणि मूत्रपिंडे थकलेली असतील, तर धोका उलटा, आणि माझ्या मते अधिक गंभीर, आहे : रक्तातील पोटॅशियम ५.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर चढूनही बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, आणि स्नायूंतील अशक्तपणा किंवा नाडीची अनियमितता दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टरांना विचारून रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासल्याशिवाय चहा सुरू करू नये.

मुळांचा चहा पित्तस्राव वाढवतो असे मानतात, त्यामुळे पित्ताशयात खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असल्यास पाने व मुळे दोन्ही टाळावीत.