अनुभव धागा: दिवसभराच्या चहा-कॉफीचे मॅक्रो तुम्ही कसे मोजता?

सुरुवात मी करते. अमळनेर. चार महिने जेवण मोजून खातेय, भाकरीसुद्धा काट्यावर, आणि वजन हलेना. चहा मी अ‍ॅपमध्ये "1 कप" असा टाकायचे, तिथे 40 कॅलरी दिसायच्या, दिवसाचे सहा कप म्हणजे 240. मग एका रविवारी पातेल्यात जे जे पडतं ते सगळं आधी काट्यावर ठेवलं. चौघांच्या चहाला म्हशीचं दूध 240 मिली, पाणी त्याहून थोडं जास्त, आणि साखर चार चमचे. आमच्या डब्यातला चमचा पोह्याचा आहे, सासूबाई शिगोशीग भरतात, तो एक चमचा 10 ग्रॅम निघाला. म्हणजे माझ्या कपात 60 मिली दूध न 10 ग्रॅम साखर. दुधातून साधारण 4 ग्रॅम फॅट, सव्वादोन प्रोटीन, 3 ग्रॅम दुधाची स्वतःची साखर. सगळं धरून एक कप शंभराच्या जवळ, सहा कप पावणेसहाशे-सहाशे, आणि त्यात 60 ग्रॅम वरची साखर. मला खरंच रडू आलं होतं. तुमचं सांगा.

केळीवाला, रावेर : ताई मी तर गुळाचाच चहा पितो, साखर बंद करून दोन वर्षं झाली, त्यामुळे माझ्या चहाचे कार्ब शून्य.

पारोळा डेअरी : भो, गूळ म्हणजे पण उसाचीच साखर, 10 ग्रॅम गुळात 38 कॅलरी अन् 10 ग्रॅम साखरेत 40. चव आवडते म्हणून घ्या, पण हिशोबात धरा. आता दुधाचं सांगतो, मी 14 वर्षं संकलनावर बसतो. म्हशीचा फॅट रोज मशीनवर लावतो तर कोणाचा 6 येतो कोणाचा 8, एकाच म्हशीचा सकाळी कमी न संध्याकाळी जास्त येतो कारण सकाळच्या धारेपासून संध्याकाळच्या धारेपर्यंतचं अंतर कमी असतं. चारा बदलला, वेत जुनं झालं, की पुन्हा फरक. म्हणून घरी रतिबाचं दूध असेल तर मॅक्रो अंदाजानेच लागणार. पिशवीवाल्यांचं सोपं आहे, टोन्ड म्हणजे 3 टक्के फॅट, फुल क्रीम म्हणजे 6. ताईंनी 60 मिलीला 4 ग्रॅम धरलं ते बरोबर आहे, पण दूध बिनसायीचं होतं का सायीसकट ते सांगा.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर : मला चहाने अ‍ॅसिडिटी होते, उपाशीपोटी तर छातीत जळजळ, पण 45 डिग्रीच्या उन्हातही चहा सुटत नाही. कोणी काय घेतं त्यावर?

धरणगाव : ते वेगळं झालं दादा, इथे साखर-दुधाचा हिशोब चाललाय. माझा मुद्दा कॉफीचा. कॉफी कमी पिते म्हणून मी निवांत होते, दोनच मग. पण आमच्याकडे कॉफीत पाणी घालतच नाहीत, निव्वळ दूध, मग 150 मिलीचा. म्हशीच्या दुधाने तेवढ्यात 10 ग्रॅम फॅट, साखर धरून पावणेदोनशे कॅलरी. म्हणजे दोन मग कॉफी हे ताईंच्या साडेतीन कप चहाएवढं. ऑफिसच्या मशीनच्या कॉफीत तर पावडरीतच साखर असते, तिथे "बिनसाखरेची" म्हणून बटण दाबलं तरी गोडच येते, ते मला पुडक्यावरचं वाचल्यावर कळलं.

टपरी, जळगाव : मी चहा विकतो म्हणून सांगतो. एका लिटर दुधाला अर्धा लिटर पाणी, साखर 150 ग्रॅम, आटून साधारण वीस ग्लास निघतात. एका छोट्या ग्लासात साडेसात ग्रॅम साखर न 50 मिली दूध. घरच्या कपापेक्षा कमीच भरतं, पण कापसाच्या सीझनला हमाल मंडळी आठ-आठ ग्लास घेतात, तिथे साखर 60 ग्रॅमवर जाते. आटवला की मोजायचं काय ते पण सांगा कोणी.

पारोळा डेअरी : आटताना नुसतं पाणी उडतं, साखर-फॅट पातेल्यातच राहतं. म्हणून गाळल्यावर कप मोजू नका, आत काय टाकलं ते मोजा आणि किती कप झाले त्याने भागा.

अमळनेर (धागाकर्ती) : दूध सायीसकट आहे हो. मी आता साखर अर्धा चमचा केली, कप तेवढेच ठेवले, दिवसाच्या 120 कॅलरी कमी झाल्या, उरलेलं बरंचसं दुधात आहे. पण पाहुणे आले की सासूबाई पातेल्यात एकत्रच घालतात, आणि आमच्याकडे आलेल्याला चहा न देणं म्हणजे अपमान. साय काढून दूध वापरलं तर किती फॅट जातं, पारोळेकर दादा, मशीनवर कधी लावून पाहिलंय का?

पारोळा डेअरी : उकळून साय काढलेलं दूध कोणी आमच्याकडे घालत नाही ताई. उद्या घरचंच नेतो, आधीचा आणि नंतरचा, दोन्ही लावून सांगतो.