पहिल्या वर्षाचा पहिला आठवडा: पावती, आयकार्ड, ईमेल, मेंटॉर, टाइमटेबल - तुमचे अनुभव लिहा

यंदा माझी पुतणी बीएस्सीला आणि तिची मैत्रीण इंजिनिअरिंगला लागली, त्यामुळे ओरिएंटेशनचा आठवडा घरात बसून जवळून बघितला. भाषणं, कॅम्पसची चक्कर हे सगळं ठीक, पण पोरांची खरी धावपळ पावतीपाशी होते असं दिसलं. पावती नाही म्हणून रोल नंबर नाही, रोल नंबर नाही म्हणून आयकार्ड नाही आणि कॉलेजचा ईमेलही नाही. तुमच्याकडे कुठे अडलं आणि कसं सुटलं ते सविस्तर लिहा, पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोग होईल.

नीलपक्षी
आमच्या भाच्याचं सांगते. शुक्रवारी रात्री यूपीआयने फी भरली, खात्यातून पैसे गेले आणि पोर्टलवर मात्र Pending. दाजी घाबरले, शनिवारी सकाळी परत भरली, त्याची पावती लगेच आली. आता पहिले पैसे कुठे? बँक म्हणते आम्ही पाठवले, ऑफिस म्हणतं आमच्याकडे दिसत नाहीत.

जुना_अकाउंटंट
मी कॉलेजच्या अकाउंट्समध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. Pending दिसलं की दुसऱ्यांदा भरायची घाई करू नका, आधी बँकेच्या ॲपमधून यूपीआयचा 12 आकडी रेफरन्स नंबर काढून ठेवा. पैसे कॉलेजच्या खात्यात पोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण पैसे कॉलेजच्या खात्यात पोचलेत आणि फक्त पोर्टलला कळलं नाही, असं असेल तर ते आपोआप येत नाहीत. मग तो नंबर आणि पासबुकाची नोंद लावून अर्ज द्या, ऑफिस बँकेच्या स्टेटमेंटशी टॅली करतं आणि जास्तीची रक्कम परत करतं किंवा पुढच्या हप्त्यात वळती करतं. एसबीआय कलेक्टवरून भरली असेल तर DU ने सुरू होणारा नंबर असतो, पावती हरवली तरी पेमेंट हिस्टरीत जाऊन परत काढता येते.
आणि बँकेची स्लिप वेगळी, कॉलेजची पावती वेगळी. कॉलेजच्या पावतीवर ट्यूशन, परीक्षा, लायब्ररी डिपॉझिट असे हेड असतात, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलला तीच लागते. डिपॉझिट शेवटच्या वर्षी परत मागताना पण तीच विचारतात, जपून ठेवा.

कोकणकडा
मुलींना आता फी नाहीच ना? 2024 पासून सगळं माफ केलंय सरकारने.

जुना_अकाउंटंट
सगळं नाही हो. व्यावसायिक कोर्स, कॅपमधून म्हणजे सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी माफ. डिपॉझिट, हॉस्टेल त्यात येत नाही. साध्या बीएस्सीला हा नियम लावून बघू नका.

विरार_फास्ट
आयकार्ड आलं की लोकलचा पास निघतो असं मला वाटायचं, तसं नसतं. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो, त्यावर घराजवळचं आणि कॉलेजजवळचं स्टेशन लिहून सही शिक्का, तो घेऊन तिकीट खिडकीवर. माझा पहिला महिना पूर्ण भाड्यात गेला, हा विषय धाग्यात बसतो का माहीत नाही पण लिहिलं.

मृण्मयी_स
ईमेलबद्दल. गूगल क्लासरूमचा कोड टाकला की एरर येतो म्हणून अर्धा वर्ग रडवेला झाला होता. कारण एवढंच की फोनमध्ये आपलं घरचं जीमेल चालू असतं आणि कॉलेजने बाहेरची खाती बंद ठेवलेली असतात. वर उजवीकडे फोटोवर टिचकी मारून कॉलेजचं खातं निवडायचं, मग कोड चालतो. पहिल्यांदा लॉगिन करताना पासवर्ड बदलायला लावतात, तेव्हा स्वतःचा मोबाईल नंबर रिकव्हरीला घाला, बाबांचा नको, कारण ओटीपी यायला लागला की ते ऑफिसात असतात.

बॅच_बी२
आमच्याकडे टाइमटेबलचा घोळ. नवीन धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आलं, आणि इलेक्टिव्ह दुसऱ्या विभागाचं असतं. बुधवारी दुपारी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आणि मराठी विभागाचा इलेक्टिव्ह तास एकाच वेळी. मेंटॉर मॅडमकडे वीसेक मुलं होती तरी त्यांनी बसून दोन्ही टाइमटेबलं शेजारी ठेवली, मला बी2 मधून बी3 बॅचला टाकलं, अर्जावर सही केली. आपणहून गेलो म्हणून झालं, बदलाची मुदत पहिल्या पंधरवड्यातच संपली.

नीलपक्षी
अकाउंटंट काका, आजच अर्ज दिला, तो 12 आकडी नंबर सापडला. ऑफिसने पुढच्या हप्त्यात वळती करू म्हटलंय पण दाजींना पैसे परत हवेत, यात मर्जी कुणाची चालते?

जुना_अकाउंटंट
आमच्याकडे पालकांनी लेखी मागितलं की चेकने द्यायचो. तुमच्या कॉलेजात काय पद्धत आहे ते लेखीच विचारा.