रायडर वाढवण्याआधी दर ऑर्डरचा हिशेब कोणी तपासून देईल का?

नवी_फेरी
आम्ही छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांची पार्सलं पोहोचवतो. आता दुसऱ्या भागात तीन रायडर ठेवायचा विचार आहे, त्याआधी हिशेब तपासून हवा आहे. पोहोचलेल्या पार्सलमागे मिळणारी फी १०० धरली आहे, बाकीचे आकडे त्याच प्रमाणात.

एक रायडर रोज ४० पार्सलं घेऊन निघतो. त्याचा रोज १६००, म्हणजे पार्सलमागे ४०. पेट्रोल ४००, म्हणजे १०. वर्गवारी, फोन, पावती धरून १५. हातात ३५ उरतात. मग महिनाअखेर खात्यात एवढे पैसे का दिसत नाहीत?

हिशेबवही
४० पैकी पोहोचतात किती?

नवी_फेरी
साधारण ३२. उरलेल्या ८ पैकी ५ दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात, ३ विक्रेत्याकडे परत जातात. परत पाठवायला प्रत्येकी ३० लागतात. त्याची फी आम्ही घेत नाही.

हिशेबवही
तिथेच गोची आहे. खर्चाला तुम्ही ४० ने भागता, पण पैसे ३२ चेच येतात. शिवाय त्या ४० मध्ये ५ पार्सलं कालचीच आहेत, म्हणजे नवीन ३५ च. एकच पार्सल दोनदा गाडीवर चढतं, दोनदा फोन होतो, फी मात्र एकदाच.

पूर्ण दिवस मांडून बघा. जमा ३२००. खर्च: रायडर १६००, पेट्रोल ४००, वर्गवारी वगैरे ४० × १५ म्हणजे ६००, परतीचे ९०. उरले ५१०. ३२ ने भागलं की दर ऑर्डरमागे जेमतेम १६. तुमच्या ३५ पैकी निम्म्याहून जास्त इथेच गेले. अजून गोदामाचं भाडं आणि तुमचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही.

सरळ_रस्ता
रायडरला रोजंदारी देऊच नका. पोहोचलेल्या पार्सलमागे ठरावीक रक्कम द्या. मग न पोहोचलेल्याचा भार तुमच्यावर येणारच नाही.

हिशेबवही
आकड्यात ते बरोबर आहे. पण नवीन भागात पार्सलं कमी, तिथे रायडरला दिवसाला पुरेसं सुटलं नाही तर तो आठवड्यात सोडून जातो. मग किमान रकमेची हमी द्यावी लागते, आणि हमी दिली की तुम्ही पुन्हा रोजावरच येता. फक्त पोहोचलेल्याचे पैसे दिले तर लांबचा किंवा चौथ्या मजल्यावरचा पत्ता सारखा मागे पडतो. नुसत्या फेरीचे पैसे दिले तर फोन न करताच 'ग्राहक घरी नाही' अशी नोंद होते. एकाच रायडरच्या अशा नोंदी अर्ध्या तासात चार-पाच दिसल्या की समजावं.

कागदपत्र_कुरियर
आमच्याकडे परतीचा प्रश्नच नाही, सगळा वेळ सही मिळेपर्यंत थांबण्यात जातो. तुम्ही इलेक्ट्रिक गाड्या घ्या, पेट्रोल वाचेल.

नवी_फेरी
पेट्रोल पूर्ण शून्य झालं तरी रायडरचे १६०० तसेच राहतात ना. नवीन भागात आठवडाभर माझ्याच एका माणसाला पाठवून पाहिलं. निघाली २८, पोहोचली २०. घरं लांब लांब असल्यामुळे पेट्रोल ५००. परतीची तिथेही रोज ३.

हिशेबवही
मग जमा २०००, खर्च १६०० + ५०० + ४२० + ९० म्हणजे २६१०. रोज ६१० चा तोटा, एका रायडरमागे. तुमचा जुना रायडर ५१० कमावतो, तेवढ्याने हा एकही भरून निघत नाही. तुम्ही तर तीन ठेवताय. २८ पैकी २६ पोहोचली तर कशीबशी बरोबरी होईल, आणि तेवढं प्रमाण मी तरी कुठे पाहिलेलं नाही. तिथे रायडर न वाढवता त्याच रस्त्यांवर पार्सलं वाढायला हवीत.

दुपारची_पाळी
मी स्वतः रायडर आहे. सकाळी निघण्याआधी कॅश ऑन डिलिव्हरीच्या ग्राहकांना गोदामातूनच फोन करा. "आज घरी आहात का, पैसे तयार आहेत का," एवढंच विचारा. नको म्हणणारा तिथेच कळतो आणि ते पार्सल गाडीवर चढतच नाही. आगाऊ पैसे भरलेल्यांची पार्सलं आमच्याकडे क्वचितच परत येतात, म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

नवी_फेरी
हे उद्यापासून करतो. नवीन भागात एक दिवसाआड जाऊन दोन दिवसांची पार्सलं एका फेरीत नेली तर?

दुपारची_पाळी
गाडी भरेल, पण उशीर झाला की कॅशवाले जास्त नाकारतात. आधी फक्त आगाऊ पैसे भरलेली पार्सलं तशी नेऊन बघा.

सरळ_रस्ता
आणि परतीची फी विक्रेत्यांकडून घ्या की!

नवी_फेरी
दोघांशी बोललो. एक तयार आहे. दुसरा म्हणतो, मग दुसऱ्याकडे जाईन, आणि माझी निम्मी पार्सलं त्याचीच आहेत. त्याच्या पार्सलांचा वेगळा हिशेब करून आठवड्याने इथेच टाकतो.