रेडिओचा नॉब: ब्लेंडर, राइनो की फ्रीकॅड? सल्ला हवा

खटपट्या
जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी दोन नॉब करायचे आहेत. व्यास ४० मिमी, कडेला बोटांची पकड बसावी म्हणून २४ खाचा, मागे ६ मिमीच्या डी-शाफ्टसाठी भोक, आणि दर्शनी भागावर उठावाचा मोर. मला थोडंफार ब्लेंडर येतं, म्हणून सगळं त्यातच केलं. मोर छान जमलाय. पण थ्रीडी प्रिंट काढल्यावर दोन गोष्टी खटकल्या: नॉब शाफ्टवर जात नाही, आणि स्क्रीनवर गुळगुळीत दिसणारा गोल हाताला पैलूदार लागतो. पुढे हेच पितळेत करायचंय. एका वर्कशॉपला एसटीएल फाइल पाठवली, तर ते म्हणाले, "ही नको, स्टेप फाइल द्या." आता ब्लेंडरचे पॉलिगॉन सोडून राइनोतले नर्ब्स शिकू की फ्रीकॅडमधलं सॉलिड? एकच काहीतरी शिकायला वेळ आहे.

पिक्सेलपंत
खाचा मॉडेल करूच नका. साधा गोल ठेवा आणि खाचा नॉर्मल मॅपमध्ये बेक करा. मी गेमसाठी अख्खी रेल्वे केबिन अशीच केली, एकेक नॉब दोनशे-तीनशे त्रिकोणांत बसतो. आणि मोराचं रीटोपो करून घ्या, नाहीतर इंजिन रडेल.

खटपट्या
@पिक्सेलपंत, खरा नॉब हवाय हो, हातात धरायचा. :)

पिक्सेलपंत
अरेच्चा, मग वरचं सगळं रद्द. प्रिंटरला नॉर्मल मॅप काय कळणार!

दीपक_मेक
दोन्ही तक्रारींचं कारण एकच आहे. पॉलिगॉनमध्ये खरा गोल नसतोच. ब्लेंडरचा सिलिंडर मुळात ३२ बाजूंचा असतो. त्यामुळे भोकही ३२ कोनी झालं, सपाट बाजू आत आल्या आणि शाफ्ट अडकला. सॉलिडमध्ये करा, आपोआप बसेल.

लेथवाला
निम्मं बरोबर आहे. गणित करून बघा. ६ मिमीच्या भोकाला ३२ बाजू असतील तर समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर ५.९७ मिमी भरतं. म्हणजे तीन शतांश मिमीचा फरक. घरगुती प्रिंटर भोक त्याहून कितीतरी जास्त लहान काढतो, दशांश-दोन दशांश तर सहज. तेव्हा शाफ्ट अडकला तो मुख्यतः प्रिंटरमुळे. सॉलिडमध्ये बरोब्बर ६ चं भोक काढलंत तरी अडकेल.

बाहेरच्या गोलाचं मात्र दीपक म्हणतात तसंच आहे. ४० मिमीवर तेच ३२ भाग म्हणजे प्रत्येक सपाट पट्टी जवळजवळ ४ मिमी रुंद, आणि तिचा मध्य खऱ्या गोलापेक्षा दशांश मिमीने आत. ते बोटाला लागणारच. 'शेड स्मूथ' केल्याने फक्त स्क्रीनवरचा उजेड बदलतो, आकार नाही. १२८ भाग घेतले तर पट्टी १ मिमीची होते आणि मधली घट सहा सहस्रांशाच्या आसपास येते. मग पैलू जाणवत नाहीत. म्हणजे या तक्रारीसाठीही पॉलिगॉन सोडायची गरज नव्हती.

सोडायचं खरं कारण वेगळं आहे. भोक ६.२ करून पाहायचं, नाही जमलं तर ६.३. शाफ्टचा सपाट भाग समोरच्या कडेपासून ४.५ मिमीवर असेल तर तोही त्याच हिशेबात सरकवायचा. सॉलिडमध्ये हे स्केचमधले दोन आकडे आहेत. ते बदलले की बाकीचं मॉडेल मागोमाग येतं. मेशमध्ये शिरोबिंदू निवडून ओढत बसावं लागतं.

दीपक_मेक
बूलियन मॉडिफायर लावून ठेवला, 'अप्लाय' केला नाही, तर ब्लेंडरमध्येही भोक नंतर बदलता येतं की.

लेथवाला
येतं. एका भोकापुरतं चालून जाईल. पण 'सपाट बाजू मध्यापासून दीड मिमीवरच राहिली पाहिजे' असा नियम तिथे सहजी बांधता येत नाही, स्केचमध्ये येतो.

रेषा
मी दागिन्यांचं काम करते, सगळं राइनोत, म्हणजे नर्ब्समध्ये. वक्ररेषा ओढायची आणि तिच्यावरून पृष्ठभाग ताणायचा. पॉलिश केलेल्या धातूवर उजेड जसा वाहतो तसा मिळवायला यासारखं काही नाही. नव्वद दिवस फुकट वापरता येतं. स्टेपही निघते. माझं मत: सरळ राइनो घ्या.

फक्त मोर त्यात घडवायला जाऊ नका. नर्ब्सचा प्रत्येक तुकडा मुळात चौकोनी कापडासारखा असतो. बांगडीवर तो छान बसतो, पण मान, तुरा, पिसारा म्हटलं की असे पन्नास तुकडे शिवावे लागतात आणि प्रत्येक शिवणीत फट राहू शकते. फट डोळ्यांना दिसत नाही. `ShowEdges` चालवून 'नेकेड एजेस' दाखवले की कळतं. एक जरी उघडी कड राहिली तरी प्रिंटरचं सॉफ्टवेअर आत-बाहेर ओळखण्यात चुकू शकतं आणि काही थर गायब होऊ शकतात.

लेथवाला
@रेषा, मोराबद्दल सहमत. नॉबसाठी राइनो चालेल, पण मग भोकाचा आकडा बदलणं परत हाताने. आतून सॉलिडच्या भिंतीही अशाच पृष्ठभागांच्या असतात, त्यामुळे हे दोन पूर्ण वेगळे पंथ नाहीत. पण सॉलिडचं सॉफ्टवेअर आकृती बंद राहील याची काळजी स्वतः घेतं आणि कोणत्या क्रमाने काय केलं ते जपून ठेवतं. हा नॉब म्हणजे एक रेष गोल फिरवायची, एक खाच कापायची, ती चोवीस वेळा फिरवायची आणि भोक पाडायचं. वाहता पृष्ठभाग त्यात नाहीच. केस वाळवायच्या ड्रायरची मूठ असती तर मीही राइनोच म्हटलं असतं.

सॉलिडही अडतं बरं का. ४० मिमीचा परीघ १२५.७, त्यात २४ खाचा म्हणजे एकेकीला ५.२ मिमी. खाच ३ रुंद धरली तर मधला कंगोरा २.२ उरतो. त्याच्या दोन्ही कडांना दीड-दीड मिमीची गोलाई दिलीत तर जागाच पुरत नाही आणि फिलेट लाल होऊन बसतं. नवशिक्यांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. १ मिमी द्या, होईल. आणि गोलाई सगळ्यात शेवटी द्या.

खटपट्या
आणि ती स्टेपची भानगड? ब्लेंडरची एसटीएल फ्रीकॅडमध्ये नेऊन स्टेप काढली तर? वर्कशॉपवाला खूश, मीही खूश.

लेथवाला
नावाला स्टेप होईल. मोरासकट तुमच्या मेशमध्ये समजा ८० हजार त्रिकोण आहेत, तर त्या स्टेपमध्ये जवळपास तेवढेच चिमुकले सपाट पृष्ठभाग असतील. फाइल उघडता उघडत नाही. उघडली तरी वर्कशॉपवाल्याला भोकावर क्लिक करून अक्ष आणि व्यास मिळत नाही, कारण तिथे भोक नाही, नुसत्या पट्ट्या आहेत. त्याला तेच तर हवं होतं.

म्हणून मोर फेकू नका, वेगळा ठेवा. नॉब फ्रीकॅडमध्ये नव्याने करा, दोन-तीन संध्याकाळचं काम आहे. दर्शनी भागावर २८ मिमीचा गोल खोलगा ठेवा, दोन मिमी खोल. मोराची चकती ब्लेंडरमध्येच २७.८ ची करा आणि तिच्या कडेला १२८ भाग द्या. नॉबची स्टेप, मोराची एसटीएल. अशा नक्षीसाठी कटरचा मार्ग मेशवरूनही काढता येतो, फक्त मापाचा भाग त्यात मिसळायला नको. एसटीएलमध्ये एकक नसतं, तेव्हा 'मिमी' असं लिहून पाठवा, नाहीतर मोर हजारपट मोठा किंवा लहान उघडेल.

रेषा
चकती वेगळीच करणार असाल तर मिलिंग कशाला? कास्टेबल रेझिनमध्ये प्रिंट करून पितळेत ओतून घ्या. पिसाऱ्याच्या बारीक खाचांत गोल टोकाचं कटर पोचत नाही, कोपरे बोथट होतात. ओतकामात मात्र आकसतं, म्हणून २७.८ धरू नका, थोडी मोठी ठेवा आणि कड नंतर लेथवर काढा.

लेथवाला
दोनच नगांसाठी ओतकाम महाग पडेल असं मला वाटतं. कटर बारीक घेतलं तर चालेल.

रेषा
आमच्याकडे एकेक नग ओततात की. खटपट्या, पिसाऱ्यातली सगळ्यात अरुंद खाच किती मिमीची आहे?

खटपट्या
मोजून सांगतो. बहुतेक अर्ध्या मिमीच्या आतच असेल. तोवर फ्रीकॅड उतरवून घेतोय.