प्रतिसाद: कोटेशनमधले साडेचार तास

> "१५० एएच बॅटरी, ४०० वॅट लोडवर साडेचार तास बॅकअप असं कोटेशनमध्ये लिहिलंय. खरं मानायचं का?"

नाही. त्यांनी १५० ला १२ व्होल्टने गुणलं, १८०० आले, त्याला ४०० ने भागलं की झाले साडेचार. कागदावर हिशोब चोख आहे, पण दोन गळत्या धरल्याच नाहीत.

पहिली इन्व्हर्टरची. साधारण ८० टक्के कार्यक्षमता धरली, तर ४०० वॅट द्यायला तो बॅटरीतून ५०० खेचतो, म्हणजे जवळपास ४२ अँपिअर.

दुसरी गळती मोठी आहे आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. बॅटरीवर 'C20' छापलेलं असेल, तर १५० एएच हा आकडा २० तास हळूहळू, साडेसात अँपिअरने वापरल्यावरचा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून ४२ ने ओढलं तर हाती १०५ च्या आसपासच लागतात. १०५ भागिले ४२, म्हणजे अडीच तास. तेही बॅटरी नवी असताना.

ऑर्डर देण्याआधी कोटेशनवर "४०० वॅट लोडवर किमान इतके तास" असं लिहून मागा. बसवल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून मेन स्विच पाडा, तेवढाच लोड लावा आणि घड्याळ बघा. (पंखे रेग्युलेटरवर कमी करू नका, नाहीतर आकडा उगाच चांगला दिसेल!)