चिनी राजीनाम्यातली ‘मंजुरी’ मराठीत कशी आणावी?

मृणाल: आमच्या चिनी शिकणाऱ्या गटासाठी एका नमुना राजीनाम्याचा अनुवाद करते आहे. सूजौमधल्या एका कंपनीत हिशेब सांभाळणारी मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी नोकरी सोडते आहे. जिथे अडले ते शब्द चिनीच ठेवलेत.

“आदरणीय लिंगदाव, नमस्कार! शंभर व्यापांतून वेळ काढून आपण हे पत्र वाचत आहात, त्याबद्दल आभार. गेल्या तीन वर्षांत आपण माझे जे जायपेय केलेत, ते मी विसरणार नाही. मला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून पुढच्या अभ्यासासाठी मी नोकरी सोडत आहे. २४ ऑगस्ट हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. हातातली कामे नीट सोपवून जाईन. गैरसोयीबद्दल मनापासून क्षमा मागते. खनछिंग फीजुन. त्सझ, जिंगली.”

खाली उजवीकडे नाव आणि २५ जुलै ही तारीख. ‘खनछिंग फीजुन’ म्हणजे शब्दशः ‘कळकळीची विनंती, मंजुरी द्यावी’. पण पत्राचा बाकीचा सूर ठरवून टाकल्यासारखा आहे. मग ही मंजुरी खरी समजायची की रीत म्हणून लिहिलेली?

वैजयंती: खरीच समजा. चीनमध्ये वरिष्ठांनी होकार दिल्याशिवाय नोकरी सोडता येत नाही. तिने अर्ज केला आहे, तेव्हा ‘राजीनामा मंजूर करावा, ही नम्र विनंती’ हे आपले नेहमीचे वाक्य तंतोतंत बसते.

सुहास: वैजयंतीताई, तुम्ही म्हणता ते सरकारी अधिकाऱ्यांना लागू आहे. त्यांना लेखी अर्ज करावा लागतो आणि नेमणूक करणाऱ्या खात्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कंपनीतल्या नोकरीचे तसे नाही. २००८पासून लागू असलेल्या श्रम करार कायद्याचे ३७वे कलम सांगते की, कामगाराने ३० दिवस आधी लेखी कळवले की तो करार संपवू शकतो. परिविक्षा काळात तर तीनच दिवस पुरतात. तिथे मंजुरीचा प्रश्नच नाही. या पत्रातल्या तारखा मोजून पाहा. २५ जुलै ते २४ ऑगस्ट बरोबर ३० दिवस होतात, आणि चीनमध्ये शैक्षणिक वर्ष सप्टेंबरात सुरू होते. मुलीने हिशेब करूनच पत्र दिले आहे. फीजुन हा तिथे मान राखण्याचा शब्द आहे. मी तिकडे दुभाष्याचे काम करत असताना अशी पत्रे पुष्कळ पाहिली. निघणारा माणूस पूर्ण ठरवून निघालेला असतो, तरी ‘मंजुरी द्यावी’ लिहितोच. ते न लिहिणे उद्धट वाटते.

वैजयंती: अधिकाऱ्यांचे आणि कंपनीचे नियम वेगळे, हे मान्य. पण शब्द तर अर्जाचाच आहे ना? आपल्याकडेही ‘राजीनामा’ या शब्दात ‘राजी’ आहे. दोन्ही बाजू राजी असल्याचा कागद, असाच त्याचा जुना अर्थ.

सुहास: हो, आणि म्हणूनच अनुवादात जपावे लागते. चिनीत अशा कागदाला कुणी ‘राजीनामा अर्ज’ म्हणते, कुणी ‘राजीनामा पत्र’. पुढे तंटा झाला तर प्रश्न निघतो की, माणसाने आपण जात असल्याचे कळवले होते की उभयतांच्या संमतीने करार संपवण्याचा प्रस्ताव ठेवला होता. दुसरा अर्थ निघाला तर मालकाच्या होकाराला वजन येते. त्यामुळे जाणकार माणसे आतल्या वाक्यात तारीख स्पष्ट लिहितात आणि सौजन्य शेवटी ठेवतात. मृणालताई, ‘२४ ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस असेल’ हे वाक्य तसेच राहू द्या. तिथे ‘असावा’ करू नका, नाहीतर नोटिशीचा अर्ज होईल. शेवटी मात्र ‘मंजुरी द्यावी, ही विनंती’ असे खुशाल लिहा.

केतकी: माझेही असेच झाले होते! एमएसाठी नोकरी सोडली, तर कंपनीने कार्यमुक्तीचे पत्रच अडवून धरले. तीन महिन्यांचा पगार भरा म्हणाले. या मुलीलाही तसे पैसे भरावे लागतील का?

सुहास: केतकी, मृणालताईंचा प्रश्न शब्दाचा आहे, पण तुमच्या शंकेचे उत्तर देतो. कंपनीने खर्च करून तिला खास तांत्रिक प्रशिक्षण दिले असेल आणि त्या बदल्यात काही वर्षे नोकरी करण्याचा करार झाला असेल, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात भरपाई मागता येते. एरवी केवळ नोकरी सोडली म्हणून दंड लावता येत नाही. करार संपल्याचा दाखला कंपनीने द्यायचाच असतो. शिवाय तिची वैयक्तिक नस्ती, म्हणजे शाळेपासूनची कागदपत्रे असलेली फाइल, १५ दिवसांत पुढे पाठवण्याची कार्यवाही करायची असते. पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांकडे विद्यापीठ बहुतेक वेळा हीच फाइल मागते. म्हणून तर पत्रात इतकी नम्रता! कायदा बाजूने असला तरी कागद कार्यालयाच्या हातात असतात.

मृणाल: हे ध्यानात आले नव्हते. आता ‘जायपेय’ घेऊ या. यातला ‘ज’ जहाजातला, जिरेमधला नव्हे. शब्दकोशात ‘लागवड करणे’ आणि ‘एखाद्याला वर आणणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. मी ‘मार्गदर्शन’ लिहिले होते, पण ते फिके वाटते.

सुहास: फिकेच आहे. पहिल्या अक्षराचा अर्थ रोप लावणे आणि दुसऱ्याचा अर्थ मुळाशी माती चढवणे.

भानुदास: मग तर ही सरळ उसाची भर झाली. आम्ही सांगलीकडे लागण केल्यावर ऊस वाढीला लागला की बुंध्याला माती चढवतो, त्याला भर देणे म्हणतात. भर दिली नाही तर ऊस लोळतो. मी म्हणेन ‘जोपासना’ लिहा. रोपाचीही होते, माणसाचीही होते.

वैजयंती: पण साहेबांना ‘आपण माझी जोपासना केलीत’ असे मराठीत कोण लिहील? ‘आपण मला घडवलेत’ हेच कानाला बरे लागते.

भानुदास: घडवण्यात ठोकणे आले. भर देणारा ठोकत नाही, वाढायला आधार देतो. अर्थ निराळा आहे, ताई.

सुहास: मला दोघांचेही पटते. एक सांगतो, जायपेय हा शब्द वरच्याने खालच्यासाठी केलेल्या गोष्टीलाच लावतात. बरोबरीच्या सहकाऱ्याने शिकवले तर चिनी माणूस तो वापरणार नाही. ‘जोपासना’मध्ये ही वरखाली थोडी तरी येते.

केतकी: शेवटचे ‘जिंगली’ म्हणजे सलामी ना? सैन्यातून आले असेल.

सुहास: सैनिकी सलामीला तोच शब्द आहे, पण इथे अर्थ ‘आदर व्यक्त करतो’ एवढाच. ‘त्सझ’ म्हणजे वरचा मजकूर आपणांस सादर. तो दोन अक्षरांची जागा सोडून लिहितात आणि ‘जिंगली’ पुढच्या ओळीत अगदी डाव्या कडेला. जुन्या पत्रांत ज्याचा मान राखायचा, त्याचा उल्लेख नव्या ओळीच्या आरंभी आणत. ही मांडणी त्याच रिवाजातून आल्याचे सांगतात. दोन्ही मिळून ‘कळावे, आपली विश्वासू’ पुरे.

मृणाल: ‘कळावे’ छान बसते. ‘जोपासना’ सध्या ठेवते, वैजयंतीताईंचा पर्याय तळटीपेत देते. राहता राहिला ‘लिंगदाव’. ‘नेते’ केले तर निवडणूक आठवते.

वैजयंती: ‘आदरणीय साहेब’ करा.

मृणाल: वरिष्ठ बाई असतील तर? चिनी शब्दाला लिंग नाही, आणि पत्रात नावही दिलेले नाही.

भानुदास: ‘आदरणीय वरिष्ठ’ म्हणा.

सुहास: कागदावर चालेल. पण लिंगदाव एक आहे की अनेक, तेही पत्रावरून कळत नाही, आणि मराठीत ‘आपण’ दोन्हीकडे चालते. तेवढी संदिग्धता मी तरी तशीच ठेवीन.