मदत हवी आहे : पल्स डिसल्फेटर लावून इन्व्हर्टरची जुनी बॅटरी खरोखर सुधारते का?

इंदिरानगरकर
आमच्या घरी १५० अँपिअर-अवरची, पाण्याची ट्युब्युलर बॅटरी असून ती ४ वर्षांची आहे. आम्ही काही महिने परगावी होतो. इन्व्हर्टर बंद होता आणि बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली. आता रात्रभर चार्ज करूनही दोन पंखे आणि तीन दिवे जेमतेम पाऊण तास चालतात. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहिली, तर पाच सेलमध्ये ११६० ते ११८० आणि तिसऱ्या सेलमध्ये १०९० आली. ऑनलाइन मिळणारे पल्स डिसल्फेटर प्लेटांवरचे सल्फेट फोडून बॅटरी नव्यासारखी करते, असा दावा वाचला. ते घ्यावे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निफाडचा बागाईतदार
मी ट्रॅक्टरच्या बॅटरीला असे यंत्र लावले आहे. रात्रभर चार्जरसोबत ठेवल्यावर १२.२ व्होल्टचे सकाळी १२.८ झाले. त्यामुळे उपयोग होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जरूर घ्या.

सातपूर बॅटरीवाला
दादा, चार्जर काढल्याबरोबर मोजलेले व्होल्ट नेहमीच चढलेले दिसतात. बॅटरी निदान रात्रभर मोकळी ठेवून पुन्हा मोजा; शिवाय चार्जरही जोडलेला असल्याने श्रेय कोणाचे, हे त्यातून ठरत नाही.

इंदिरानगरकर, पूर्ण चार्ज झालेल्या इन्व्हर्टर बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १२४० यायला हवी. तुमच्याकडे सगळ्याच सेलमध्ये ती खाली आहे, म्हणजे ॲसिडचा काही भाग सल्फेट होऊन प्लेटांमध्ये अडकला आहे. उतरलेली बॅटरी पडून राहिली की त्या सल्फेटचे खडे मोठे आणि कठीण होतात, आणि घरचा इन्व्हर्टर १४.४ व्होल्टच्या आसपास हात आखडता घेत असल्याने ते विरघळत नाहीत. ते परत आणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कमी करंटचे, लांबलेले चार्जिंग. बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवा, प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि वेगळ्या चार्जरवर ५ अँपिअरने व्होल्टेज १५.५ ते १६ पर्यंत जाऊ द्या. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम देवघरात किंवा गॅसजवळ न करता उघड्या गॅलरीत करावे. बॅटरी ५० अंशांकडे तापू लागली तर चार्जिंग थांबवून थंड होऊ द्यावी. तासातासाला ग्रॅव्हिटी लिहून ठेवा. ओळीने तीन नोंदींत ती वाढली नाही, तर जे परत यायचे ते आले असे समजा. कोणीही सुचवले तरी वरून ॲसिड घालू नका, कारण आकडा सुधारेल, पण प्लेट तशीच राहील.

सिडको रहिवासी
माझ्या संगणकाच्या यूपीएसची सीलबंद बॅटरी फुगली आहे. तिलाही १६ व्होल्ट देऊन पाहू का?

सातपूर बॅटरीवाला
कृपया देऊ नका. तिच्यातले पाणी उडाले की भरण्याची सोय नसते, आणि फुगलेली बॅटरी तर चार्जिंगला लावूच नये. ती बदला.

इंदिरानगरकर
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे चार्जिंग केले. पाच सेल १२२५ ते १२३० वर स्थिरावले, तिसरा मात्र ११५० वर अडला. त्याला बुडबुडे इतरांपेक्षा कमी येतात आणि हाताला तो भाग अधिक गरम लागतो. आता यंत्राने तो सुधारेल का?

सातपूर बॅटरीवाला
कमी बुडबुडे आणि जास्त उष्णता, ही त्या सेलमध्ये आतून शॉर्ट असल्याची खूण असू शकते, आणि शॉर्ट कोणत्याही पल्सने जात नाही. झडलेला मसाला आणि गंजलेली पॉझिटिव्ह जाळीही परत येत नाही. सुधारू शकते ते फक्त सल्फेट. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या, की यांतील बरीच यंत्रे स्वतःची वीज त्याच बॅटरीतून घेतात, त्यामुळे बंद घरात ते जोडून ठेवले तर बॅटरी उलट लवकर उतरेल.

ग्रॅव्हिटीवर न थांबता बॅकअप मोजा. गाडीचे ५५ वॅटचे दोन हेडलाइट बल्ब लावले की सुमारे ९ अँपिअर जातात. बॅटरी १०.५ व्होल्टवर आली की थांबा. नवी बॅटरी एवढ्या भारावर १६ तासांच्या आसपास चालते.

इंदिरानगरकर
७ तास चालली. शेवटी व्होल्टेज एकदम कोसळले.

सातपूर बॅटरीवाला
म्हणजे निम्म्याहून थोडी कमी क्षमता उरली आहे, आणि असे कोसळणे बहुधा त्या तिसऱ्या सेलचेच आहे. पाऊण तासाच्या मानाने ही सुधारणा मोठी आहे. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचा अभ्यास नसेल, तर पावसाळ्यापर्यंत वापरा.

निफाडचा बागाईतदार
मला अजूनही वाटते की साध्या चार्जिंगसोबत पल्स दिल्यास काही फरक पडत असावा. माझ्याकडे एकाच वयाच्या दोन बॅटऱ्या आहेत. एकीला यंत्र लावून आणि दुसरीला न लावता हेच बल्बचे माप घेतो आणि आकडे इथे देतो.

सातपूर बॅटरीवाला
अवश्य द्या. दोन्हींना चार्जर एकच आणि वेळ सारखाच द्या, आणि सुरुवात करण्याआधीही दोन्हींचे माप घ्या.